उद्याची चिंता आणि रानातली फुलं

नमस्कार श्रोतेहो.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायाचा शेवटचा भाग ख्रिस्ती नसलेल्या अनेकांनाही ऐकून माहीत असतो. येशू डोंगरावर बसून लोकांना सांगतो, आकाशातल्या पाखरांकडे बघा. ती पेरत नाहीत, कापणी करत नाहीत, कोठारं भरत नाहीत. तरी तुमचा स्वर्गातला पिता त्यांना खायला घालतो. रानातल्या फुलांकडे बघा. ती राबत नाहीत, सूत कातत नाहीत. तरी शलमोन राजासुद्धा आपल्या सगळ्या वैभवात त्यांच्यासारखा सजला नव्हता. तेव्हा उद्याची चिंता करू नका.

आपल्याकडे हे वचन कानावर पडलं की लगेच एक म्हण आठवते: असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी. देव बघून घेईल, आपण हातपाय हलवायची गरज नाही, साठवणं आणि आखणं म्हणजे देवावरचा अविश्वास, असा अर्थ लावला जातो. काही जण याच कारणासाठी हे वचन नाकारतात. संसारी माणसाला हे कसं परवडेल, असं त्यांचं म्हणणं असतं. स्वीकारणारा काय आणि नाकारणारा काय, दोघांनी अर्थ मात्र एकच धरलेला असतो, आणि तो मूळ उताऱ्यात नाही.

सांगलीकरांना जवळचं उदाहरण घेऊ. पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडलं की आपले कान आयर्विन पुलाकडे लागतात. पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ते कुणी विसरलेलं नाही. आता नदीकाठच्या गल्लीतली एखादी बाई चाळीस फुटांची बातमी ऐकून गव्हाचं पोतं माळ्यावर चढवते, रेशनकार्ड आणि जमिनीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधते, म्हाताऱ्या सासऱ्यांना नातेवाइकांकडे पोचवते. तिनं येशूची आज्ञा मोडली का? अजिबात नाही. पोतं उचलणं हे आजचं काम आहे, आज करता येण्यासारखं आहे आणि करून संपतं. येशू ज्या चिंतेबद्दल बोलतो ती त्यानंतरची. पोतं माळ्यावर गेलेलं असतं, कागद बांधलेले असतात, आणि तरी रात्री दोन वाजता डोळा लागत नाही. पाणी पन्नासवर गेलं तर? भिंत पडली तर? पोरांच्या फीचं काय? यातल्या एकाही प्रश्नावर त्या रात्री काही करता येत नसतं. चिंता करून कुणाला आपलं आयुष्य हातभर तरी वाढवता येईल का, असं येशू त्याच उताऱ्यात विचारतो, ते याच चिंतेबद्दल.

हा उताराही एकटा उभा नाही, तो आधीच्या वचनाला बांधलेला आहे. त्याच्या लगेच आधी येशू म्हणतो, कुणालाही दोन धन्यांची चाकरी करता येत नाही. तुम्ही देवाची आणि धनाची, दोघांची चाकरी करू शकत नाही. आणि त्याला जोडूनच चिंतेचं बोलणं सुरू होतं. विषय आळसाचा नाही, मालक कोण याचा आहे. आणखी एका शुभवर्तमानाचा लेखक लूक यानं हेच बोलणं एका श्रीमंत शेतकऱ्याच्या गोष्टीनंतर ठेवलं आहे. त्याला भरघोस पीक येतं, तो जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो, आता वर्षानुवर्षं खा, पी, मजा कर, असं स्वतःलाच सांगतो आणि त्याच रात्री मरतो. कोठार बांधणं हा त्याचा गुन्हा नव्हे. त्याच्या सगळ्या बोलण्यात 'माझं पीक, माझी कोठारं' याखेरीज दुसरं माणूसच नाही.

दुसरा गैरसमज मला जास्त टोचतो, कारण त्यानं माणसं दुखावतात. घरातलं कमावतं माणूस गेलेलं असतं, बाई खचलेली असते, आणि भेटायला आलेलं कुणीतरी हेच वचन तिला ऐकवतं. वर म्हणतं, ताई, विश्वास कमी पडतोय तुमचा. येशूनं 'अल्पविश्वासी' असं म्हटलंय खरं. पण ते कुणाला म्हटलंय? समोर बसलेल्यांची चिंता काय होती, हे त्यानं स्वतःच सांगितलंय: काय खावं, काय प्यावं, काय पांघरावं. ही रोजच्या मजुरीवर जगणाऱ्यांची यादी आहे. एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी चूल नाही, अशी ती माणसं. त्यांच्याबरोबर चालणारा, डोकं टेकायला स्वतःची जागा नसलेला माणूस त्यांना धीर देतो आहे. भरल्या घरातून आलेल्या पाहुण्यानं तेच शब्द रिकाम्या घरात टाकले की त्याचा धीर होत नाही, दोषारोप होतो.

काही जण याच्या उलट टोकाला जाऊन या वचनात हमी शोधतात: विश्वास ठेवा, काही वाईट होणार नाही. त्यांनी फुलांचं वाक्य शेवटपर्यंत वाचावं. आज रानात आहे आणि उद्या भट्टीत पडतं, असं ते गवत, असं येशू म्हणतो. गालीलात हिवाळ्यातल्या पावसानंतर डोंगर फुलांनी भरतात आणि उन्हाळा आला की करपतात, आपल्या साताऱ्याच्या कासच्या पठारासारखंच. लाकूडफाटा कमी, म्हणून बायका ते वाळलेलं गवत भाकरीच्या भट्टीत घालत. हे रोजचं दृश्य ऐकणाऱ्यांना चांगलं माहीत होतं. आणि उताऱ्याचं शेवटचं वाक्य तर सरळच आहे, ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे. दुःख येणार नाही, असं तिथं कुठंही म्हटलेलं नाही.

मग पिता खायला घालतो, ते कसं? याचं उत्तर त्याच शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात सापडतं. न्यायाच्या दिवशी राजा म्हणतो: मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलं, तान्हेला होतो, प्यायला दिलं, उघडा होतो, वस्त्र दिलं. खाणं, पिणं, पांघरणं. सहाव्या अध्यायातली तीच यादी, पण इथं ती शेजाऱ्याच्या हाती सोपवलेली आहे. 'पहिल्यानं देवाचं राज्य आणि त्याचं नीतिमत्त्व मिळवा, म्हणजे हे सगळं तुम्हांला मिळेल' हे वाक्य मी याच्या शेजारी ठेवून वाचतो. जिथं माणसं त्या राज्याच्या रीतीनं वागतात, तिथं भुकेल्याचं ताट रिकामं राहत नाही.

पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती मंडळीनं हे कसं समजून घेतलं, ते लूकच्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात आहे. सीरियातल्या अंत्युखिया शहरात अगब नावाचा संदेष्टा येतो आणि सांगतो, मोठा दुष्काळ पडणार आहे. रोमचा सम्राट क्लौद्य कैसर याच्या काळात तो पडला, असं लूक लिहितो. योसेफस हा यहुदी इतिहासकारही त्याच काळातल्या यहूदीयातल्या दुष्काळाबद्दल लिहितो. अदियाबेने राज्याच्या हेलेना राणीनं मिसरातून धान्य आणि सायप्रसहून सुके अंजीर मागवून यरुशलेमेत वाटले, असं तो सांगतो. म्हणजे अंत्युखियातल्या लोकांना उद्याची बातमी आधीच कळली होती. त्यावर देव बघेल म्हणून ते गप्प बसले नाहीत, आणि आपापली घरं भरून दारंही लावून घेतली नाहीत. प्रत्येकानं आपापल्या ऐपतीप्रमाणे रक्कम काढली, आणि ती दूर यहूदीयातल्या, बहुतेकांनी कधी न पाहिलेल्या भावांसाठी बर्णबा आणि शौल यांच्या हाती तिथल्या वडीलमंडळींकडे पोचवली.