‘इतर’ किती मोठं चालतं? हिशोबाचा गोल काढताना

(बेळगावातल्या एका वाचनालयात गणेश मंडळांचे खजिनदार आणि बचत गटांच्या हिशोबनीस बायकांसमोर झालेलं बोलणं, थोडं नीट करून.)

पुढं या की मंडळी, मागं बसून स्क्रीन दिसायची नाही. आज एकच विषय घेणारोय. आपण वर्षाचा खर्च एक्सेलमध्ये गोलात दाखवतो ना, पाय नाहीतर डोनट, त्यातल्या त्या बारीक बारीक स्लाइसांचं करायचं काय. मोठ्या स्लाइसांची काळजी कुणालाच नसते, त्या आपोआप दिसतात. भांडण होतं ते बारक्यांवरनं.

उदाहरणाला एक मंडळ घेऊया, आकडे मी सोपे करून घेतलेत. एकूण खर्च 4,00,000. त्यात मंडप-सजावट 1,20,000, मूर्ती 80,000, साऊंड-लाइट 72,000, महाप्रसाद 60,000 आणि विसर्जन मिरवणूक 32,000. हे पाच झाले मोठे, मिळून 91 टक्के. राहिलेल्या 36,000 मध्ये सहा ओळी आहेत: पावती पुस्तकं नि छपाई 8,000, हेस्कॉमचं टेंपररी कनेक्शन 8,000, बक्षिसं 6,000, पूजा साहित्य 6,000, परवानगी फी 4,000 आणि कार्यकर्त्यांचं चहापाणी 4,000. एकूण अकरा ओळी झाल्या.

आता हे सगळं सिलेक्ट करून थेट डोनट काढला की काय होतं बघा. 1 टक्का म्हणजे 3.6 अंश. अहवालाच्या कागदावर 10 सेंटीमीटर व्यासाचा गोल बसवला तर त्याचा बाहेरचा घेर होतो 31 सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे परवानगी फीच्या वाट्याला आलं 3 मिलिमीटर. त्यात ‘परवानगी फी 1%’ लिहिणार कुठं? डोनटला आणि एक अडचण आहे. साध्या पायमध्ये लेबल बाहेर ठेवायला Outside End मिळतं, डोनटमध्ये ते ऑप्शनच नाही, लेबल त्या रिंगवरच बसतं आणि बाहेर हवं असलं तर एकेक हातानं ओढायला लागतं. Doughnut Hole Size 75 टक्के ठेवलं तर आपल्या 10 सेंटीमीटरच्या गोलात रिंगची जाडी सव्वा सेंटीमीटर उरते, मग सहा बारक्या लेबलांचा एकावर एक ढीग होतो आणि वाचणारा माणूस तो भाग सोडून देतो. म्हणजे डोनट पाच-सहा स्लाइसांपर्यंत झक्क, त्याच्या पुढं नको.

मग बरेच जण म्हणतात, पाय ऑफ पाय काढू. चांगली गोष्ट आहे, खरं ती कशी चालते ते कळलं पाहिजे. Insert मधनं Pie of Pie घेतलं की एक्सेल आपल्या मनानं यादीतल्या शेवटच्या काही ओळी उचलून दुसऱ्या छोट्या गोलात टाकतो. शेवटच्या म्हणजे खालच्या, बारक्या नव्हे! तुमच्या यादीत सगळ्यात खाली महाप्रसाद असला तर तो 15 टक्क्यांचा महाप्रसादपण छोट्या गोलात जाऊन बसणार. म्हणून आधी रकमेप्रमाणं मोठ्याकडनं छोट्याकडं सॉर्ट करायचं, मग स्लाइसवर राइट क्लिक, Format Data Series, तिथं Split Series By. Position ठेवलं तर खालच्या किती ओळी दुसऱ्या गोलात ते सांगायचं, आपल्याला 6. Percentage value घेतलं तर किती टक्क्यांच्या खालचे ते सांगायचं. तिथं 10 ठेवलं तर 8 टक्क्यांची मिरवणूकपण आत गेली आणि ‘इतर’ झालं 17 टक्के, आमच्या गावात मिरवणूक ‘इतर’मध्ये टाकली तर घरी जाऊ देतील का कोण! 3 ठेवलं की बरोबर सहाच जातात. आणि Custom म्हणून आहे, त्यात एकेका स्लाइसवर क्लिक करून कुठल्या गोलात बसायचं ते आपण ठरवायचं. मला विचाराल तर हिशोबाला Custom सगळ्यात बरं, का ते पुढं येतंय.

आता पहिल्या गोलात एक नवीन स्लाइस दिसेल, Other म्हणून. ती तुमच्या शीटमध्ये कुठंच नाही, एक्सेलनं बेरीज करून तयार केलीय. तिचं नाव ‘इतर’ करायचं तर लेबलवर दोनदा सावकाश क्लिक करून टाइप करता येतं, फक्त तिथं ‘इतर 9%’ असं हातानं लिहिलंत तर तो 9 तिथंच चिकटून राहतो, उद्या एखादं बिल वाढलं नि ती स्लाइस 10 टक्के झाली तरी लेबल 9च दाखवणार. म्हणून तिथं नुसतं नाव लिहायचं.

आणि एक बघा. दुसरा गोल पण पूर्ण गोल दिसतो, म्हणून बघणाऱ्याला वाटतं त्यातले टक्के मिळून शंभर. तसं नाही. टक्के सगळे एकूण खर्चाचेच असतात, सहा मिळून 9. खरं डोळ्याला मात्र छपाईची स्लाइस त्या छोट्या गोलाचा पावभागाजवळ दिसते, आणि कोणतरी सभेत उठतो, छपाईला एवढे? Second Plot Size कमी करून 50 वगैरे केलं की हा भास थोडा कमी होतो, जात नाही. दोन गोल जोडणाऱ्या त्या दोन रेघा आहेत ना, त्या काढू नका, तेवढाच एक पुरावा असतो की हा गोल त्या स्लाइसमधनं निघालाय.

त्यात टक्के राउंड केले की गंमत वाढते. आपल्याकडं बक्षिसं नि पूजा साहित्य दोन्ही 1.5 टक्के आहेत. दशांश नसला की दोन्हीचे झाले 2-2. मग छोट्या गोलात 2, 2, 2, 2, 1, 1, बेरीज 10, आणि पहिल्या गोलात ‘इतर’ 9! खजिनदाराला घाम फुटायला एवढं पुरे. लेबलच्या Number मध्ये जाऊन एक दशांश ठेवायचा, 0.0%, विषय संपला.

आता मूळ प्रश्न, एकत्र कधी करायचं. लोक एक आकडा मागतात, सर किती टक्क्यांच्या खालचं ‘इतर’मध्ये टाकू सांगा. 3 म्हणा, 2 म्हणा, त्याचा फॉर्म्युला पण आहे, रकमा B2 ते B12 मध्ये असल्या तर

```
=SUMIF(B2:B12,"<"&0.03*SUM(B2:B12))
```

36,000 देतो, बरोबर. खरं आलेल्या उत्तराकडं बघा जरा. ‘इतर’ 9 टक्के आणि मिरवणूक 8. जेव्हा ‘इतर’ एखाद्या नाव असलेल्या स्लाइसपेक्षा मोठं होतं तेव्हा समजायचं की आपण गठ्ठा बांधताना विचार केला नाही. वाचणारा लगेच विचारणार, एवढं मोठं ‘इतर’ म्हणजे नेमकं काय हो? आणि त्याचं विचारणं बरोबरच आहे.

म्हणून आकारावरनं नाही, जातीवरनं गठ्ठा बांधायचा. हेस्कॉमचं कनेक्शन कशासाठी घेतलं? लाइट आणि साऊंडसाठी. मग ते त्याच्यातच घाला, 72 नि 8, झाले 80,000, म्हणजे 20 टक्के, नाव द्या ‘साऊंड, लाइट, वीज’. पूजा साहित्य मूर्तीबरोबर, 86,000, साडेएकवीस टक्के. आता राहिले छपाई, बक्षिसं, परवानगी, चहापाणी, मिळून 22,000, साडेपाच टक्के. हे ‘इतर’ मिरवणुकीपेक्षा लहान झालं आणि गोलात सहाच स्लाइस राहिल्या, आता डोनट चालतो, पाय ऑफ पायची गरजच राहिली नाही. शीटमध्ये C कॉलमला प्रत्येक ओळीपुढं गटाचं नाव लिहायचं, E मध्ये गटांची यादी, आणि F मध्ये

```
=SUMIF(C$2:C$12,E2,B$2:B$12)
```

चार्ट E नि F वरनं काढायचा. मूळ अकरा ओळींना हात लावायचा नाही, त्या ऑडिटला लागतात.

इथं एका ताईंनी विचारलं की आमच्या गटाच्या हिशोबात बारके खर्च पंचवीस निघतात, ते कसे कमी करू. त्यांना मी आधी यादी दाखवायला सांगितली, आणि जे आपल्याकडं नेहमी होतं तेच निघालं. एकीनं ‘प्रवास’ लिहिलंय, दुसरीनं ‘बस भाडं’, तिसरीनं ‘खानापूर जाणं-येणं’. मंडळाच्या वह्यांत पण तेच, एक मुलगा ‘मिरवणूक’ लिहितो, दुसरा ‘मेरवणिगे’, एक ‘मंडप’ नि एक ‘पेंडाल’. माणसाला कळतं, एक्सेलला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. नावापुढं एक स्पेस जास्त पडली तरी SUMIF ती ओळ सोडून देतो आणि काही बोलत पण नाही. म्हणून F ची बेरीज B च्या बेरजेशी जुळते का बघायचंच. बारक्या स्लाइस जास्त दिसल्या की गठ्ठा बांधायच्या आधी नावं तपासा, निम्म्या तिथंच संपतात.

आता कधी एकत्र करायचं नाही. ज्या खर्चावर सभेत प्रश्न येणारच आहे तो कितीही बारका असू दे, झाकायचा नाही. परवानगी फी 1 टक्का आहे, खरं यंदा ती वाढली असली आणि त्याच्यावरच बोलायचं असलं तर ती ‘इतर’मध्ये टाकणं म्हणजे लपवणं, लोक तसंच समजणार. अशा वेळी गोल सोडा, आडवा बार चार्ट काढा, त्यात 4,000 ची पण पट्टी दिसते नि 8,000 ची तिच्या दुप्पट दिसते, नाव लिहायला डावीकडं जागा असते. आणि मंडपवाल्याकडनं डिपॉझिट परत आलं म्हणून एखादी ओळ वजा 5,000 असली तर ती गोलात घालूच नका. एक्सेल वजाचं चिन्ह विसरतो आणि 5,000 चा खर्च असल्यासारखी स्लाइस काढतो. आधी मंडपातनं वजा करा, मग चार्ट.

दोन वर्षं शेजारी ठेवणार असाल, डोनटमध्ये दोन रिंगा येतात ना, एक आत नि एक बाहेर, तर ‘इतर’मध्ये दोन्ही वर्षी तेच खर्च असले पाहिजेत. गेल्या वर्षी बक्षिसं वेगळी आणि यंदा ‘इतर’मध्ये, तर ‘इतर’ वाढलेलं दिसणार आणि वाढलेलं काहीच नसणार. शिवाय तेवढ्याच टक्क्यांची स्लाइस बाहेरच्या रिंगेत लांब दिसते आतल्यापेक्षा, म्हणून मी स्वतः दोन रिंगा टाळतो, दोन वेगळे डोनट काढतो सारख्या मापाचे.

डोनटच्या मधल्या जागेत एकूण रक्कम ठेवायची. आधी चार्ट सिलेक्ट करून मगच टेक्स्ट बॉक्स काढायचा, म्हणजे चार्ट हलवला की तो पण हलतो. बॉक्स सिलेक्ट असताना वर फॉर्म्युला बारमध्ये = टाइप करून बेरजेच्या सेलवर क्लिक, एंटर. आता रक्कम बदलली की मधला आकडा पण बदलतो.

आणि शेवटचा प्रश्न आला होता रंगांचा. अहवाल आपण झेरॉक्सच मारतो, काळा-पांढरा, त्यात लाल काय नि निळा काय सगळं राखाडी. म्हणून बाजूची Legend काढून टाका, नाव आणि टक्के स्लाइसवरच लिहा, स्लाइसांमध्ये पांढरी बॉर्डर द्या, ‘इतर’ला सगळ्यात फिका राखाडी रंग, आणि चार्टच्या खाली एक ओळ छापा: ‘इतर: छपाई 8,000, बक्षिसं 6,000, परवानगी 4,000, चहापाणी 4,000’.