कावळा शिवला नाही म्हणून... एका दादांना उत्तर

हां, माइक येतोय का मागे? येतोय. बरं. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू आहे, त्यामुळे समोर बसलेल्यांनी मधे बोललात तरी चालेल, फक्त जरा मोठ्याने बोला. आज तीन प्रश्न घेतो म्हणालो होतो: विधी कुठला, अंधश्रद्धा कुठली, आणि ते ओळखायचं कसं. साडेसातला हॉल भिशीच्या ताईंना द्यायचाय, ते सारखं आठवण करून देतायत, तर बघू कुठवर पोचतोय.

ज्या दादांसाठी हे बोलतोय त्यांनी मागच्या व्हिडिओखाली लिहिलं होतं की वडिलांच्या दहाव्याला घाटावर भर उन्हात दोन तास उभे होतो, कावळा पिंडाला शिवेना, आई रडायला लागली, नातेवाईक काय काय बोलायला लागले, आणि तुम्ही लोक याला संस्कार म्हणता, ही सरळसरळ अंधश्रद्धा आहे. खाली बऱ्याच जणांनी त्यांना धर्मद्रोही वगैरे म्हटलंय, ते कृपा करून बंद करा. त्या माणसाचे वडील गेलेत आणि त्याची आई सगळ्यांसमोर रडलीये, त्याला राग यायचा नाही तर कोणाला यायचा? आणि हा प्रश्न काही आजचा नाही. तुकोबांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी विचारलंय की जिवंतपणी भुकेल्याला अन्न नाही आणि मेल्यावर पिंडदान कसलं करता. त्यांना आपण डोक्यावर घेऊन पंढरपूरला चालतो, मग या दादांवर कशाला चिडायचं.

दादा, मी किरवंत. अंत्यविधी, दहावा, अकरावा, बारावा हेच माझं काम, वडिलांचंही तेच. आमच्या जातभाईंतही काही लोक आम्हाला शुभकार्याला बोलवायला कचरतात, आता ती अंधश्रद्धा की नाही ते तुम्हीच ठरवा. (हसू नका हो, खरंय ते.)

आधी दहाव्याला होतं काय ते दोन मिनिटांत सांगतो, कारण घाटावर गेलेल्या दहातल्या नऊ जणांना ते कोणी सांगितलेलंच नसतं. दहनाच्या दिवशी एक दगड घेतात, त्याला अश्मा म्हणतात, त्यावर तिलांजली द्यायची. दहा दिवसांचे दहा पिंड, खरं तर रोज एक, पण आता कोणाला रजा मिळत नाही म्हणून बहुतेक ठिकाणी दहाव्यालाच सगळे एकदम देतात. कल्पना अशी की गेलेल्याचं नवं शरीर एकेक पिंडाने घडतंय, पहिल्याने डोकं, मग पुढचे अवयव, आणि दहाव्याने भूक आणि तहान. म्हणजे शरीर पुरं झालं तेव्हा त्याला भूक लागली, म्हणून भाताचा पिंड ठेवायचा, जे आवडत होतं ते शेजारी ठेवायचं आणि कावळ्याची वाट बघायची. मग अश्मा पाण्यात सोडायचा. कल्पना आहे ही, मी काही तुम्हाला एक्सरे काढून दाखवत नाहीये.

आणि कावळा नाहीच आला तर? तर दर्भाचा कावळा करायचा. दर्भाच्या काड्या दुमडून गाठ मारायची, तो पिंडाला लावायचा, झालं, काकस्पर्श झाला. ही पळवाट मी काढलेली नाही, ती परंपरेतच आहे. ज्यांनी हा विधी बसवला त्यांना पक्कं माहीत होतं की कावळा हा पक्षी आहे, त्याचं पोट भरलेलं असू शकतं. दादा, तुमच्या गुरुजींनी दोन तास दर्भाला हात का लावला नाही, हा माझाही प्रश्न आहे.

आता एक दहावा सांगतो, कृष्णाकाठचा, गाव नाही सांगत. सत्तरी ओलांडलेले शेतकरी गेले होते. दोन मुलगे, एक मुलगी. मुलगी जवळच दिलेली, शेवटचं वर्षभर आजारपण तिनेच काढलं होतं. पिंड ठेवले. समोर उंबरावर आठ-दहा कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. पंधरा मिनिटं झाली. मग सुरू झालं ते नेहमीचं, म्हणजे कोण म्हणतंय तात्यांना तपकीर ठेवा, कोण म्हणतंय भजी राहिली, जावई म्हणाले मी मोटरचं बिल भरतो, काळजी करू नका तात्या. एका म्हाताऱ्या मावशीने तर सांगून टाकलं की म्हैस विकणार नाही. कावळे ढिम्म. इथवर मला काही वाईट वाटत नाही, खरंच सांगतो. माणसं एरवी जे बोलत नाहीत ते बोलतात. थोरल्या मुलाने चाळीस माणसांसमोर पुढे होऊन सांगितलं, आईला मी बघीन. आता चाळीस साक्षीदार आहेत, नंतर फिरून जाणं सोपं नाही. कावळा आला काय न आला काय, हे वाक्य गावात राहणार.

पण मग एक चुलते पुढे आले. म्हणाले, तात्यांचा जीव जमिनीत अडकलाय. लेकीने म्हणावं, मी हक्क सोडते, बघा लगेच शिवतो का नाही. आणि सगळ्यांनी त्या मुलीकडे बघितलं.

इथे थांबतो जरा. २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, कायदा आहे तो. पण हक्कसोडपत्रावर सही घ्यायची असेल तर तलाठ्याकडे, रजिस्ट्रारकडे जाण्याआधी घाटावर, बाप गेल्याच्या दहाव्या दिवशी, लेक रडत उभी असताना, वर झाडावर कावळे बसलेले, यापेक्षा सोयीची जागा कुठली? माझा राग यावर आहे आणि तो बरीच वर्षं आहे. विधीत कुठेही असं लिहिलेलं नाही की कावळा सात-बारा वाचतो.

मी काही भांडलो नाही. हातात दर्भ होताच, कावळा केला, पिंडाला लावला, म्हटलं झाला स्पर्श, चला, अश्मा घ्या. चुलते म्हणाले गुरुजी थांबा की जरा. म्हटलं शास्त्रात सोय आहे, आणि बाराचं ऊन होतंय. विधी पुरा झाला. आम्ही सगळे पायऱ्या चढून वर चहाला आलो आणि पाच मिनिटांत खाली कावळ्यांची झुंबड. भात, भजी, सगळं साफ. तपकीर तेवढी राहिली.

मग ते आधी का नाही आले? पिंडाच्या अगदी जवळ एक पोरगा लांब दांडीला मोबाईल लावून शूटिंग करत होता, आणि एका काकांची लालभडक छत्री उघडी. कावळा नव्या वस्तूला फार बिचकतो. रोजच्या खायच्या जागीही अनोळखी काहीतरी दिसलं तर तो आधी लांब बसून बघतो. आणि माणसं ओळखतो तो. अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात २००६ मध्ये संशोधकांनी एक मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडले, तर पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा घातलेला माणूस दिसला की कावळे ओरडून गोंधळ घालायचे, ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेसुद्धा. तिकडचा कावळा आपल्याहून वेगळ्या जातीचा, पण घराणं तेच. म्हणजे कावळा चेहरा लक्षात ठेवतो, पण जिवंत माणसाचा. दहा दिवसांपूर्वी गेलेल्याची इच्छा त्याला कळते असं म्हणायला मला काही आधार नाही, आणि मी तसं कोणाला सांगतही नाही.

किती वाजले? सात वीस? अरे बापरे. बरं, मूळ मुद्दे पटापट.

पहिलं, विधीला विज्ञानाचा मुलामा देऊ नका, माझ्या बाजूने बोलणाऱ्यांना सांगतोय. दर पितृपक्षात तो मेसेज फिरतो की वड-पिंपळाचं बी फक्त कावळ्याच्या पोटातूनच रुजतं म्हणून पूर्वजांनी कावळ्याला जेवण ठेवलं. बुलबुल, मैना, वटवाघळं सगळेच ती फळं खाऊन बी पसरवतात. तसंच सुतक म्हणजे क्वारंटाइन. अहो, अमेरिकेतल्या चुलत भावाला फोनवर बातमी कळली तरी त्याला सुतक, आणि वर्षभर उशाशी बसलेल्या लग्न झालेल्या लेकीला तीन दिवस, शेजारणीला काहीच नाही. जंतू काय गोत्र बघून चिकटतात? सुतक हे नात्याचं आहे, कामधंदा बाजूला ठेवून बसायची मुभा आहे, तेवढं म्हणा की.

दुसरं, कायदा. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा, डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर आला तो. त्यात घरात, देवळात, दर्ग्यात केलेले, कोणाला शारीरिक इजा न करणारे धार्मिक विधी वगळलेलेच आहेत. त्यामुळे श्राद्धावर बंदी येणार ही भीती घालणारेही खोटं बोलतात.

तिसरं, ओळखायचं कसं. मी एवढंच बघतो की विधी नाही झाला तर वाईट होईल असा दावा कोणी करतंय का, आणि तो तपासता येतो का. पंचक घ्या. धनिष्ठा ते रेवती या पाच नक्षत्रांत मृत्यू झाला तर घरातले आणखी पाच जातात म्हणतात. नक्षत्रं सत्तावीस, धनिष्ठेची अर्धी सोडली तर साडेचार उरतात, म्हणजे साधारण दर सहा मृत्यूंतला एक पंचकातच येणार. त्या प्रत्येकामागे खरंच पाच गेले असते तर आज हा हॉल रिकामा असता आणि भिशीवाल्या ताईंना वाट बघावी लागली नसती. कोणाच्या मनाला बरं वाटत असेल तर मी पाच पुतळे करून पंचकशांती करतो, पण दक्षिणा वाढवत नाही, आणि पाच जातील हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. ज्या घरी ते वाक्य बोलून मोठी रक्कम सांगितली जाते तिथे दादा, तुमचा अंधश्रद्धा हा शब्द बरोबर आहे, मी तुमच्याच बाजूने आहे.

आलो आलो, उठतोय, सतरंज्या आम्ही उचलतो.

एकच, पुढे कोणावर वेळ आली तर, सकाळी लवकर जा, पिंड ठेवल्यावर सगळ्यांनी पाच-सहा पायऱ्या मागे या, छत्र्या मिटा, मोबाईल खिशात. अर्ध्या तासात नाही आला तर गुरुजींना सरळ म्हणा, दर्भाचा करा. ते नाही म्हणणार नाहीत. आणि म्हणालेच तर मला फोन लावून द्या.