शेवटची ट्यूब किती वाजता दिली?

*ठाण्यात दूध उत्पादक आणि गोठेवाल्यांसमोर एका पशुवैद्यकाने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग*

मुरबाडकडच्या एका गोठ्यातली गोष्ट सांगतो. एका गाईला कासदाह झाला, उजवं मागचं सड दगडासारखं कडक. मंगळवारी पहाटे धार काढून सडात पहिली ट्यूब सोडली. सकाळ-संध्याकाळ मिळून तीन दिवसांत सहा ट्यूब झाल्या, शेवटची गुरुवारी संध्याकाळी साडेचारला. खोक्यावर लिहिलं होतं, दूध 96 तास वापरू नये. मालक मंगळवारपासून मोजत बसले, त्यामुळे शनिवारी पहाटेचं दूध कॅनमध्ये गेलं. दुपारी घोडबंदर रोडवरच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, विरजण लावलंय पण दही लागतच नाही.

हिशोब शेवटच्या डोसापासून करायचा. गुरुवार संध्याकाळी साडेचार अधिक 96 तास म्हणजे सोमवार संध्याकाळी साडेचार. आता बघा, हा गोठा चारला धार काढतो. म्हणजे सोमवारच्या त्या धारेला अर्धा तास कमी पडतो, तीही वर्ज्य. दूध सुटतं मंगळवारी पहाटे. अर्ध्या तासासाठी एक धार वाया जाते म्हणून जीव तुटतो, मला कळतं. पण लेबलवरचे तास किमान असतात, अंदाजे नसतात.

नेहमीचा प्रश्न येतो, औषध एकाच सडात सोडलं, मग बाकीची तीन सडं तर चांगली आहेत ना? नाहीत. औषध कासेतून रक्तात जातं आणि थोडं थोडं बाकीच्या सडांतूनही उतरतं. म्हणून चारही सडांचं दूध बाजूला काढायचं.

दुसरा युक्तिवाद, मोठ्या कॅनमध्ये एवढंसं मिसळलं तर काय बिघडतं? पेनिसिलिनची आंतरराष्ट्रीय कमाल मर्यादा एक किलो दुधात 4 मायक्रोग्रॅम आहे. समजा एका धारेत फक्त 10 मिलिग्रॅम पेनिसिलिन उतरलं. ते मर्यादेत आणायला सुमारे अडीच हजार किलो दूध लागेल. तुमच्या गोठ्याचं सगळं दूध एकत्र ओतलंत तरी पुरायचं नाही. आणि दूध उकळल्याने औषध निघून जात नाही. ज्याला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, त्याला त्या कपातून त्रास होऊ शकतो. विरजणातले जीवाणू तर याच औषधाने मरतात, म्हणून दही लागत नाही. मात्र दही लागलं म्हणजे दूध स्वच्छ, असं उलटं धरू नका. काही औषधं दह्याला जाणवणारच नाहीत इतक्या कमी प्रमाणातही मर्यादेबाहेर असू शकतात. पट्टीची चाचणी मिळते, पण तीही ठरावीक गटांचीच औषधं दाखवते.

लेबलवर काळ लिहिलेलाच नसेल तर? आपल्या औषध नियमांत 2012 पासून आहे, काळ दिलेला नसेल तर दुधासाठी किमान 7 दिवस धरायचे. दोन औषधं चालू असतील तर ज्याचं दूध उशिरा सुटतं ते धरा. आणि डोस वाढवला, किंवा लेबलपेक्षा जास्त दिवस दिला, तर लेबलचा काळ लागू पडत नाही. मग डॉक्टरांकडून नवा काळ लिहूनच घ्यायचा, तोंडी नको.

आता वही. त्या मालकांच्या वहीत होतं फक्त, "मंगळ, ट्यूब सुरू." शेवट कुठे आहे, याचा पत्ताच नव्हता. प्रत्येक डोसाला एक ओळ लिहा, चार डोसांची एक नको. तारीख, वेळ, गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, औषधाचं नाव आणि बॅच, किती दिलं, कोणत्या सडात की सुईने, कोणी दिलं. शेवटच्या डोसाच्या ओळीला चौकोन करा आणि पुढे लिहा, दूध कोणत्या दिवशी, कोणत्या धारेला सुटणार. "96 तासांनी" असं लिहू नका, पहाटे तीन वाजता उठलेला गडी तास मोजत बसत नाही. रिकामं खोकं त्या दिवसापर्यंत जपून ठेवा, लेबल त्याच्यावर असतं.

वही कपाटात राहते आणि गडी बदलतो, म्हणून गाईच्या मागच्या पायाला लाल पट्टा बांधा. गोठ्यात एक फळा लावून तिथे तोच नंबर लिहा. ती गाय शेवटी पिळा, वेगळ्या बादलीत. मशीन असेल तर तिच्यानंतर ते धुतल्याशिवाय दुसऱ्या गाईला लावू नका. पट्टा सोडायचा तो वहीत बघूनच, आणि सोडणाऱ्याने सही करायची.

त्या मुरबाडच्या वहीत आता मी स्वतः पाहिलेली ओळ अशी आहे, "शेवटची गुरु, सायं. 4.30. सुटलं, मंगळ पहाट. पट्टा काढला," आणि खाली गड्याचा अंगठा.