खिरीत गोड कधी घालायचं

श्रोतेहो, नमस्कार. तांदळाची खीर बिघडली की दोष दुधाला दिला जातो, नाहीतर गॅसला. मला विचाराल तर निम्म्याहून जास्त खिरी साखर किंवा गूळ चुकीच्या वेळी घातल्यामुळे बिघडतात. आज त्याबद्दलच बोलते.

एक लिटर साईचं दूध धरू या. त्याला तांदूळ लागतो फक्त ५० ग्रॅम, म्हणजे साधारण पाव वाटी. एवढ्याशा तांदळाने काय होणार असं वाटतं आणि हात सैल सुटतो. मग खिरीचा गोड भात होतो. तांदूळ आखूड दाण्याचा, शिजल्यावर चिकट होणारा घ्या. धुऊन अर्धा तास भिजवा, निथळा आणि बोटांनी हलकेच चुरडा. मिक्सरमधून पीठ करू नका. पिठाच्या गुठळ्या होतात आणि ते तळाशी बसून सगळ्यात आधी लागतं.

हा तांदूळ आधी दीड वाटी पाण्यात मऊ शिजवून घ्या. दुधात तो सावकाश शिजतो आणि तितका वेळ आपल्याला ढवळत उभं राहावं लागतं. पाण्यात शिजवलात तर दूध आचेवर कमी वेळ राहतं. पाणी मात्र ओतून टाकायचं नाही. खिरीला दाट करणारा स्टार्च त्यातच उतरलेला असतो.

आता यात गरम दूध घाला. भांडं जाड बुडाचं हवं, आच मंद हवी. दूध तापलं की त्यातली प्रथिनं बुडाला चिकटतात, वर तांदळाचा स्टार्च खाली बसतो, आणि तो थर करपतो. म्हणून गोल डावापेक्षा सपाट कालथा बरा. तो बुडावरून आणि कडेच्या कोपऱ्यातून फिरला पाहिजे. कडेला धरलेली साय ओली असतानाच आत ओढा. वाळल्यावर खरवडलीत तर तिचे तुकडे खिरीत फिरत राहतात. आणि करपल्याचा वास आलाच, तर बूड अजिबात खरवडू नका. वरची खीर तशीच दुसऱ्या भांड्यात ओता.

वीस-पंचवीस मिनिटांनी एक दाणा चिमटीत दाबून बघा. तो मधे टणक न लागता पूर्ण चिरडला पाहिजे. तोवर साखरेचा डबा उघडायचा नाही! साखर पाणी धरून ठेवते. मग दाण्याला फुगायला पाणी पुरत नाही आणि तो आहे तिथेच थांबतो. नंतर कितीही उकळलंत तरी मधली कणी जात नाही. दाणा मऊ झाला की १०० ग्रॅम साखर घाला. खीर एकदम पातळ झालेली दिसेल. साखर विरघळते तेव्हा असं होतंच, घाबरून तांदळाची पिठी लावायला जाऊ नका. आणखी पाच-सात मिनिटं मंद आचेवर ठेवा. कालथ्यावर पातळसा थर राहिला की बंद करा. हवी त्यापेक्षा थोडी सैल असतानाच उतरवायची, कारण गार होताना ती घट्ट होते.

गुळाचं गणित वेगळं आहे. गुळात थोडी आम्लता असते, आणि उकळत्या दुधाला तेवढीही पुरते. गार दुधात जो गूळ चालला असता, तोच गरम दुधात ते फाडतो. म्हणून १०० ग्रॅम गूळ अर्धी वाटी पाण्यात विरघळवून गाळा आणि गार करा. खीर उतरवून बोट सोसवेल इतकी निवू द्या, मगच गूळ मिसळा. त्यानंतर तिला पुन्हा उकळी आणायची नाही. काहीजण चिमटीभर खाण्याचा सोडा घालतात. त्याने आम्लता मरते हे खरं, पण चवीत सोडा कळतो, मला ते पटत नाही. नारळाच्या दुधाच्या पायसममध्ये गूळ शिजलेल्या तांदळात आधीच घालता येतो. तिथे जपायचं असतं ते पहिल्या दाट दुधाला. ते अगदी शेवटी, आच बंद करून घालायचं, नाहीतर तेल सुटून ते फुटतं.

खीर रवाळ लागली तर एक कण जिभेवर दाबा. मधे टणक लागला तर तो कच्चा तांदूळ. मऊ पण रबरासारखा लागला तर दूध फाटलंय. फाटलेलं दूध परत जुळत नाही. रवीने घुसळलंत तर कण बारीक होतात, एवढंच.

फ्रीजमधली खीर दुसऱ्या दिवशी थापीसारखी घट्ट होते. साखरेची असेल तर गरम दूध घालून सैल करा. गुळाची असेल तर कोमट दूध घाला, आणि गॅसवर ठेवायच्या ऐवजी भांडं गरम पाण्यात धरा.