गोळी, पेग आणि यकृत

(एका आरोग्य व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

आज व्यासपीठावर ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यातल्या निम्म्यांत एकच प्रश्न आहे, फक्त लिहिण्याची पद्धत वेगळी. कोणी विचारलंय, ‘कोलेस्टेरॉलची गोळी चालू असताना घेतली तर चालते का?’ कोणी जरा आडवळणानं, ‘माझ्या एका मित्राला...’ असं लिहिलंय. मित्राची काळजी करणारे एवढे लोक एका सभागृहात आहेत, हे बघून बरं वाटलं.

उत्तर आधीच सांगून टाकतो. ज्याचं यकृत धडधाकट आहे आणि जो खरोखर बेताची पितो, त्याच्या बाबतीत अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिनची नेहमीची गोळी आणि दारू एकत्र आल्यानं यकृताला काही खास धोका निर्माण होतो, असं दिसत नाही. दोघांच्या वाटाही बऱ्याच वेगळ्या आहेत. दारूचं विघटन मुख्यतः अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम करतं, अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचं काम दुसरंच एन्झाइम बघतं आणि रोसुव्हास्टॅटिन तर बरंचसं जसंच्या तसं शरीराबाहेर जातं. पण या उत्तरात दोन शब्द अडचणीचे आहेत, ‘धडधाकट’ आणि ‘बेताची’. आजचं सगळं बोलणं त्या दोन शब्दांवरच आहे.

आधी ही भीती आली कुठून ते बघू. कोलेस्टेरॉलच्या या गोळ्यांच्या जातीला स्टॅटिन म्हणतात. स्टॅटिन काम करतं ते यकृतातच. कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीतली एक पायरी ते अडवतं. मग यकृताच्या पेशी रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जास्त ओढून घेतात आणि रिपोर्टमधला आकडा खाली येतो. या जातीचं पहिलं औषध, लोव्हास्टॅटिन, १९८७ साली अमेरिकेत बाजारात आलं, तेव्हा काही रुग्णांचे एसजीपीटी आणि एसजीओटी, म्हणजे यकृताच्या रक्ततपासणीतले आकडे, वाढलेले दिसले होते. औषध नवं, तेही यकृतात जाऊन काम करणारं. म्हणून ठरावीक काळानं रक्त तपासत राहा, असा सल्ला सोबत आला. पुढची पंचवीस वर्षं जगभरच्या डॉक्टरांनी तो पाळला. आपल्याकडे अजूनही पुष्कळजण पाळतात.

एवढ्या वर्षांत कळलं ते असं. एसजीपीटी नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीपुढे जाणं हे साधारण शंभरात एखाद्याच्या बाबतीत घडतं, आणि ते डोसवर अवलंबून असतं. बहुतेकदा त्या माणसाला काहीही होत नसतं, आणि पुष्कळदा गोळी चालू ठेवूनही आकडा आपोआप उतरतो. एसजीपीटी हे यकृताच्या पेशीतलं एन्झाइम आहे. पेशीतून ते थोडं बाहेर झिरपलं की रक्तात वाढतं. यकृत आपलं काम नीट करतंय की नाही हे बघायचं असेल तर बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ बघावा लागतो. ते तिन्ही ठीक असतील आणि एसजीपीटी ४०च्या ऐवजी ७० असेल, तर यकृत निकामी होत चाललंय असा अर्थ काढायचा नाही. एसजीपीटी तिपटीपुढे आणि त्याच्यासोबत बिलिरुबिनही दुपटीपुढे गेलं, तर मात्र आम्ही खुर्चीत सावरून बसतो. स्टॅटिनमुळे यकृताला गंभीर इजा होण्याचं प्रमाण फारच कमी आहे, लाखात एखादा या हिशेबातलं. म्हणूनच २०१२मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं नियमित तपासणीची शिफारस काढून टाकली. गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा तपासा, नंतर काही लक्षण दिसलं तर तपासा, एवढंच उरलं.

आता दुसरा शब्द, ‘बेताची’. इथे गणित करावंच लागतं. आपल्याकडच्या व्हिस्कीत किंवा रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलीच्या लहान पेगमध्ये वजनानं सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं, ६० मिलीच्या मोठ्या पेगमध्ये २० ग्रॅम. क्वार्टर, म्हणजे १८० मिली, संपली की पोटात ६० ग्रॅम गेलं. ‘मी फक्त बिअर पितो हो’ असं सांगणाऱ्यांसाठी: ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली ४० ग्रॅमपर्यंत जाते, म्हणजे दोन मोठे पेगच. ब्रिटनमध्ये बेताची म्हणजे आठवड्याला जास्तीत जास्त ११२ ग्रॅम, तेही तीन किंवा जास्त दिवसांत विभागून. रोज एक मोठा पेग घेणारा माणूस आठवड्याला १४० ग्रॅमवर जातो. म्हणजे ज्याला आपण कौतुकानं ‘लिमिटमध्ये पिणारा’ म्हणतो, तो तिथल्या हिशेबानं लिमिटच्या बाहेर आहे. बायकांच्या बाबतीत तेवढ्याच दारूनं यकृताला जास्त इजा होते. आणि आठवडाभर कोरडं राहून शनिवारी सगळा कोटा एकदम उरकणं, याला बेताची म्हणत नाहीत.

एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. आकडे मी मांडलेत, पण अशी फाइल कुठल्याही फिजिशियनच्या टेबलावर सापडेल. चोपन्न वर्षांचे गृहस्थ. वजन ८२ किलो, सोनोग्राफीत ग्रेड वन फॅटी लिव्हर. आठवड्यातून तीन संध्याकाळी घरी दोन-दोन मोठे पेग, शनिवारी मित्रांबरोबर क्वार्टर. बेरीज करा: तीन दिवसांचे १२० ग्रॅम आणि शनिवारचे ६०, एकूण १८०. एलडीएल १५८, ट्रायग्लिसराइड २९०, एसजीपीटी ७४. हा ७४ गोळी सुरू होण्याच्या आधीचा आहे, तेवढा लक्षात ठेवा.

रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम सुरू झाली. तीन महिन्यांनी एलडीएल ८६, झकास. पण एसजीपीटी ९२. लॅबच्या कागदावर तो ठळक अक्षरात छापलेला, शेजारी बाण. घरात चर्चा झाली, कोणीतरी मोबाइलवर काहीतरी वाचून दाखवलं, आणि ‘या गोळ्यांनी लिव्हर जातं’ म्हणून गोळी बंद. संध्याकाळचा कार्यक्रम चालूच. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तर एसजीपीटी ८८, म्हणजे जिथल्या तिथे. एलडीएल मात्र पुन्हा १५५. गोळीमुळे आकडा वाढला असता, तर गोळी थांबल्यावर दोन महिन्यांत तो उतरायला हवा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मग आला श्रावण. आपल्याकडे गटारी झाली की पुष्कळजण बाटली कपाटात ठेवतात ती थेट गणपती उठेपर्यंत. डॉक्टरांच्या दृष्टीनं यासारखी दुसरी चाचणी नाही. या गृहस्थांना सांगितलं, गोळी पुन्हा सुरू करा, दारू बंद ठेवा आणि सहा आठवड्यांनी या. रिपोर्ट आला: एसजीपीटी ४९, ट्रायग्लिसराइड १७०, एलडीएल ८२. गॅमा जीटी नावाचं एक एन्झाइम असतं, ते दारूनं चटकन चढतं. ते ११८वरून ५२वर आलं होतं. गोळी चालू असतानाच सगळं उतरलं.

त्यांच्या यकृतावर दोन ओझी होती, चरबीचं आणि दारूचं. दोन्ही एकत्र आली की यकृत कडक होत जाण्याचा वेग वाढतो, आणि फॅटी लिव्हर असलेल्याला ‘थोडी चालते’ असं सांगायला मी कचरतो ते यासाठीच. त्याच्या बाबतीत ‘धडधाकट’ हा शब्द आधीच गळालेला असतो. पण अशा माणसाची गोळी बंद करणं हा त्यावर उपाय नाही. ग्रीसमधल्या ग्रीएस या अभ्यासाचं २०१०मध्ये प्रसिद्ध झालेलं विश्लेषण हेच सांगतं: ज्यांचे यकृताचे आकडे आधीपासूनच थोडेफार वाढलेले होते, त्यांना स्टॅटिन दिल्यावर ते आकडे सुधारले, आणि हृदयविकाराचे प्रसंगही कमी झाले. फॅटी लिव्हरच्या रुग्णांचा मृत्यू पुष्कळदा यकृतानं नाही, हृदयानं होतो. त्यांच्याकडून स्टॅटिन काढून घेणं म्हणजे नको तिथे काटकसर.

स्टॅटिन खरोखर टाळायचं ते यकृत अचानक निकामी झालेलं असताना, किंवा सिरॉसिस पोटात पाणी, कावीळ, रक्ताची उलटी इथपर्यंत पोचलेला असताना. तिथे दारूचा प्रश्नच उरत नाही.

यकृताइतकंच लक्ष द्यायला हवं ते स्नायूंकडे, आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. जास्त दारू स्वतःच स्नायू कमकुवत करते, आणि स्टॅटिनमुळे काहींचे स्नायू दुखतात. दोन्ही एकत्र आली की त्रासाची शक्यता वाढते. मांड्या-दंड दोन्ही बाजूंनी दुखायला लागले, जिना चढताना पाय उचलेनात, लघवी कोकसारखी गडद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं सीपीके हे एन्झाइम तपासून घ्या. डोळे पिवळे दिसणं, अन्नावरची वासना उडणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, अंगाला खाज सुटणं, ही यकृताची खूण. तीही थांबून बघायची नाही.

एक अवांतर, पण मुद्द्याचं. दारू आणि गोळी दोन्ही निर्दोष निघाली तर मी घरातला काढा विचारतो. कोविडच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयानं तेव्हा त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वाद काहीही असो, एसजीपीटी वाढलेल्या माणसानं काढ्याबद्दल डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. लोक दारू कबूल करतात, काढा लपवतात.

आता दोन चिठ्ठ्या राहिल्यात. पहिली: ‘बसायचं असेल त्या दिवशी गोळी चुकवली तर?’ काही साधत नाही. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिनचा परिणाम एका दिवसात शरीरातून जात नाही, त्यामुळे त्या रात्री दोघांची भेट टळत नाही. उलट आठवड्यात चार वेळा बसणारा आठवड्याच्या निम्म्याहून अधिक गोळ्या चुकवतो, आणि मग ‘गोळीचा गुण येत नाही’ म्हणून डोस वाढवून मागतो. अशा माणसाला डॉक्टरांनी आधी विचारावं, स्ट्रिपमध्ये किती गोळ्या उरल्या आहेत?

दुसरी चिठ्ठी: ‘मी आजवर घेतलेली नाही, पण हृदयासाठी म्हणून थोडी रेड वाईन सुरू करू का?’ नको. तिच्यामुळे चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढतं हे खरं, पण ट्रायग्लिसराइड, रक्तदाब आणि हृदयाचे अनियमित ठोके यांचीही वाट तीच मोकळी करते. तुम्ही स्टॅटिन घेताय ना? हृदयासाठी जे करायचं ते ती गोळी करतेच आहे.