महिन्याला ५०० रुपये आणि सहा पुस्तके: विकत, वाचनालय की ॲप?

नमस्कार. सोलापुरातून बरेच प्रेक्षक एकच प्रश्न विचारत आहेत: वाचन भरपूर आहे, पण महिन्याला ५०० रुपयांच्या वर खर्च करता येत नाही, तर पुस्तके विकत घ्यावीत, वाचनालयातून आणावीत की ॲपची वर्गणी भरावी? विकत घेतलेले पुस्तक आपले राहते, वाचनालयाचे परत द्यावे लागते आणि वर्गणी थांबली की ॲपमधले पुस्तक उघडत नाही, एवढे सर्वांना ठाऊकच आहे. खरी अडचण वेगळी आहे.

ॲपमध्ये लाखो पुस्तके आहेत, हा आकडा आपल्या कामाचा नाही. आपल्याला हवी असलेली त्यात किती आहेत, एवढेच पाहायचे असते. मागे मी एका ॲपची वर्षभराची वर्गणी न तपासता भरली आणि माझ्या यादीतली बहुतेक पुस्तके तिथे नव्हतीच, याची मला अजून हळहळ वाटते. म्हणून पैसे भरण्याआधी पुढे वाचायच्या बारा पुस्तकांची यादी कागदावर लिहा आणि एकेक नाव ॲपमध्ये शोधा. शोधात पुस्तक दिसले म्हणजे ते वर्गणीत मिळते, असे मात्र समजू नका. ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकांच्या दुकानात हजारो पुस्तके फक्त विक्रीला असतात. ज्यावर Kindle Unlimited असे लिहिलेले दिसते, तेवढीच वर्गणीत वाचता येतात.

माझी यादी मी अशी तपासली. बारापैकी तीन ॲपमध्ये मिळाली, सात आमच्या वाचनालयात होती आणि उरलेली दोन या दोन्हीकडे नव्हती. दोन महिन्यांचे बजेट १००० रुपये. वाचनालयाची वर्गणी महिना ६० प्रमाणे १२० रुपये, दोन पुस्तकांची खरेदी ६०० रुपये आणि ॲपचे महिन्याला १६९ धरून दोन महिन्यांचे ३३८ रुपये, म्हणजे एकूण १०५८ रुपये झाले. ॲपमधली ती तीन पुस्तके एका महिन्यात सलग वाचायची ठरवली, तेव्हा खर्च ८८९ रुपयांवर आला. त्यासाठी वर्गणी सुरू केली त्याच दिवशी पुढचे नूतनीकरण बंद केले. भरलेला महिना संपेपर्यंत पुस्तके उघडत राहिली.

'वाचनालयात हवे ते पुस्तक कधीच जागेवर नसते,' अशी एका ताईंची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. पुस्तक हाती आले की आतली तारखांची चिठ्ठी पाहा. शिक्के दहा-बारा दिवसांच्या अंतराने पडलेले असतील, तर त्या पुस्तकाला मागणी आहे. त्याच लेखकाचे पुढचे पुस्तक हवे असल्यास देवघेव विभागात आजच नाव नोंदवून ठेवा. शिक्का वर्षाकाठी एखादाच असेल, तर ते पुस्तक विकत घेण्याची घाई करू नका, कारण ते फडताळात तुमची वाट पाहत राहणार आहे.