बिस्किटांच्या डब्यातला सुईदोरा

तो निळा, गोल, पत्र्याचा बिस्किटांचा डबा तुमच्याही घरात असेलच. त्यात बिस्किटं कधीच नसतात, हेही तुम्हाला ठाऊक आहे. (हशा) माझ्या साडेतीन वर्षांच्या भाच्यासमोर मी तो धरला. "यात काय?" तो म्हणाला, "बिस्किटं!" उघडला, तर सुईदोरा आणि बटणं. चेहरा असा पडला की विचारू नका. झाकण लावून मी विचारलं, "आता आजी आली तर तिला काय वाटेल, आत काय आहे?" तो म्हणाला, "सुईदोरा." मी खूश झालो. पण माझी बहीण म्हणाली, "अरे, डबा आईचाच आहे, तिला माहीतच आहे!" म्हणजे प्रयोग फुकट. मग शेजारच्या ताईबद्दल विचारलं. तिने तो डबा कधी पाहिलेलाच नव्हता. तरीही उत्तर "सुईदोरा"च. आणि "मघाशी तुला काय वाटलं होतं?" तर त्यालाही म्हणे सुईदोराच वाटला होता! राजकारणात हे वय ओलांडायला फार वेळ लागतो. असो.

चार-साडेचारला बहुतेक मुलांना कळतं, की ताईच्या डोक्यातली गोष्ट डब्यातल्या गोष्टीहून वेगळी असू शकते. 1985 साली लंडनमध्ये बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ या मानसशास्त्रज्ञांनी हेच दोन बाहुल्यांवर बेतलं, स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांना हे कळतं का ते बघायला. सॅली गोटी टोपलीत ठेवून जाते, अ‍ॅन ती खोक्यात लपवते. सॅली परत आली, की गोटी कुठे शोधेल? त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न: गोटी खरी कुठे आहे, आणि आधी कुठे होती? या दोन्हींची उत्तरं सगळ्या मुलांनी बरोबर दिली. म्हणजे लक्ष नव्हतं किंवा आठवलं नाही, असं म्हणायची सोय उरली नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भरभर सांगतो.

20 स्वमग्न मुलांपैकी 4 जणांनीच टोपली दाखवली. बाकीच्या 16 जणांनी गोटी खरी होती ती जागा दाखवली, दुसरीकडे कुठे नाही. डाऊन सिंड्रोमच्या 14 पैकी 12 मुलांना टोपली सांगता आली, आणि भाषेच्या चाचणीत ही मुलं स्वमग्न मुलांच्या मागे होती. तेव्हा "मुळात बुद्धीच कमी" हे चालत नाही.

पण भाषेचा संबंध आहेच. पुढच्या अभ्यासांत दिसलं, की भाषेची समज साधारण नऊ वर्षांच्या मुलाइतकी झाली की निम्मी स्वमग्न मुलं हा प्रश्न सोडवतात. म्हणजे उशीर आहे, कायमचा अभाव नाही. "यांना दुसऱ्याच्या भावना नसतात" असं जे मला दर कार्यक्रमानंतर कुणीतरी ऐकवतं, ते या गोटीतून निघत नाही हो! सॅली रडली तर मुलाला वाईट वाटेल का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

शेवटचं, उठू नका. बाहुलीचा लगेच छापून येणारा फोटो काढायचा, मग बाहुली दुसरीकडे हलवायची आणि विचारायचं, फोटोत ती कुठे आहे? फोटोही आता जुनाच, सॅलीच्या समजुतीसारखा. तर बहुतेक स्वमग्न मुलं हे बिनचूक सांगतात.